पत्ताबदलाची यादी: वहीत ठेवावी की शीटमध्ये?

आम्ही पाच वर्षांत दोनदा घर बदललं. 2019 च्या मे महिन्यात सांगलीहून नाशिकला आलो, तेव्हा पत्ता कुठे कुठे बदलायचा याची यादी मी शंभरपानी वहीत केली होती. 2024 च्या जूनमध्ये नाशिकहून पुण्याला आलो, तेव्हा तीच यादी गूगल शीटमध्ये ठेवली. दोन्ही वेळा माणसं तीच होती, भाड्याचंच घर होतं आणि यादीतल्या नोंदीही जवळपास सारख्याच होत्या. त्यामुळे कोणत्या पद्धतीने काम सोपं झालं हे मला थोडंफार सांगता येईल. यादीत बँका, गॅस, आधार, मतदार यादी, विमा, गाडीचं आरसी वगैरे असणार हे तुम्हाला माहीतच आहे. प्रश्न त्यांच्या शेजारच्या रकान्याचा आहे.

आधी वहीबद्दल. ती घरात सगळ्यांना दिसते, हे तिचं मोठं बळ. आमची वही फ्रिजवर असायची. आई दुपारी पेपर वाचताना ती उघडायची आणि एखादी राहिलेली नोंद लिहायची. सांगलीच्या वाचनालयाची अनामत परत घ्यायची राहिली होती, ते तिनेच लिहिलं. शीटमध्ये आईने आजवर एक अक्षरही लिहिलेलं नाही. शिवाय वहीच्या शेवटच्या पानाला मी एक पाकीट चिकटवलं होतं. अर्जाच्या पोचपावत्या त्यात जायच्या, म्हणजे कागद आणि नोंद एकाच जागी. बँकेच्या किंवा आरटीओच्या खिडकीसमोर उभं असताना याचा फार उपयोग होतो.

तरीही दुसऱ्या वेळी मी वही का घेतली नाही, त्याचं कारण एकच आहे: बरोबरची खूण.

नाशिकला आल्यावर जूनमध्ये मी बँकेच्या शाखेत पत्ताबदलाचा अर्ज दिला. बाईंनी पोच दिली आणि घरी येऊन मी ‘बँक’ या ओळीपुढे खूण केली. बचत खात्यावरचा पत्ता बदललाही. पण त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड होतं आणि कार्डाच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जात होत्या. फेब्रुवारीत कार्डाची मुदत संपली, नवं कार्ड सांगलीच्या पत्त्यावर गेलं, तिथल्या नव्या भाडेकरूने ते घेतलं नाही आणि ते परत गेलं. विम्याचा हप्ता त्या कार्डावरून आपोआप जायचा, तो अडला. सगळं मार्गी लागायला पाच आठवडे गेले. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत वहीत मात्र ‘बँक’पुढे खूण होती, त्यामुळे तिकडे पुन्हा बघावं असं मनातही आलं नाही.

मग एका रात्री मी सगळ्या खुणा तपासल्या. खुणा अकरा होत्या. त्यातल्या चार ठिकाणी मी फक्त अर्ज दिला होता, पत्ता बदललेला नव्हता. अर्ज देणं आणि पत्ता बदलणं यांत किती दिवस जातात, हे वहीतली खूण सांगत नाही. आणि हे अंतर खरोखर असतं. नुसता पत्ता बदलला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँक ग्राहकाचं स्वयंघोषणापत्र घेऊ शकते, पण त्या पत्त्याची पडताळणी तिला दोन महिन्यांत करावी लागते. त्यासाठी बँक नव्या पत्त्यावर पत्र पाठवते किंवा माणूस पाठवते. म्हणजे ‘दिला’ आणि ‘बदलला’ यांच्यात आठवडे जाणं हीच रीत आहे, आणि कागद हरवतात तेही याच आठवड्यांत.

म्हणून पुण्याच्या वेळी शीट केलं. त्यात स्थितीच्या रकान्यात चारच शब्द ठेवले: बाकी, अर्ज दिला, परत आला, खात्री केली. ‘झालं’ हा शब्द मुद्दाम टाळला. 20 जुलै 2024 ला त्यातल्या काही ओळी अशा होत्या:

| नोंद | कुणाची | स्थिती | तारीख | शेरा |
|---|---|---|---|---|
| गॅस, नाशिकची एजन्सी | माझी | खात्री केली | 3 जून | व्हाउचर घेतलं |
| भाडेकराराची नोंदणी | माझी | खात्री केली | 7 जून | पीडीएफ मिळाली |
| आधार | माझं | खात्री केली | 24 जून | ई-आधार उतरवून पाहिलं |
| आधार | पत्नीचं | परत आला | 2 जुलै | करारात तिचं नाव नाही |
| बचत खातं | माझं | खात्री केली | 11 जुलै | स्टेटमेंटवर नवा पत्ता |
| क्रेडिट कार्ड, तीच बँक | माझं | अर्ज दिला | 26 जून | |
| मतदार यादी, फॉर्म 8 | माझी | अर्ज दिला | 8 जुलै | बीएलओ यायचे आहेत |
| म्युच्युअल फंड केवायसी | दोघांची | बाकी | | पत्नीच्या आधारावर अडलंय |

‘बँक’ ही एक ओळ राहिली नाही, खातं आणि कार्ड वेगळं झालं. हे वहीतही करता आलं असतं, हे मान्य. पण वहीत आधीच लिहिलेल्या दोन ओळींच्या मध्ये तिसरी ओळ घुसवता येत नाही. पत्नीच्या आधाराची ओळ तर मला अर्ज परत आल्यावर सुचली.

त्या ओळीची हकीकत सांगतो, कारण भाड्याने राहणाऱ्या बहुतेक जोडप्यांना ही अडचण येईल. पत्त्याचा पुरावा म्हणून आमच्याकडे नोंदणीकृत भाडेकरार होता, पण त्यात भाडेकरू म्हणून माझं एकट्याचं नाव. त्या करारावर माझं आधार सहज बदललं, पत्नीचा अर्ज नाकारला गेला. मग कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय वापरली, जी 2023 पासून ऑनलाइन आहे. तिने माझा आधार क्रमांक देऊन, दोघांची नावं असलेलं विवाह प्रमाणपत्र जोडून अर्ज केला, आणि मी माझ्या खात्यात जाऊन संमती दिली. ही संमती 30 दिवसांत द्यावी लागते, नाहीतर अर्ज बंद होतो. वही असती तर मी ‘आधार’पुढे केव्हाच खूण केली असती. शीटमध्ये ‘परत आला’ हा शब्द समोर होता आणि म्युच्युअल फंडाची ओळ त्याच्यावरच अडलेली दिसत होती.

शीटची खरी मदत तारखेच्या रकान्यात आहे. अर्ज देऊन तीन आठवडे उलटले तरी पुढे काही झालं नसेल, तर ती ओळ आपोआप रंगते. त्यासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये एवढं लिहिलं:

```
=AND($C2="अर्ज दिला",TODAY()-$D2>21)
```

वरच्या तक्त्यात 20 जुलैला क्रेडिट कार्डाची ओळ रंगलेली होती, कारण 24 दिवस झाले होते. फॉर्म 8 ची रंगली नव्हती. मी त्याच दिवशी फोन केला, तर कार्डाचा अर्ज सही जुळत नाही म्हणून पडून होता आणि मला कुणी कळवलेलं नव्हतं. चार दिवसांत पत्ता बदलला. मागच्या वेळी ज्याला पाच आठवडे लागले, तेच काम हे. तारीख लिहायची विसरलात तरी ओळ रंगते, तेही बरंच आहे.

एक काळजी मात्र घ्या. स्थितीचे चार शब्द ड्रॉपडाउनमध्येच ठेवा. माझ्या पत्नीने फोनवरून ‘अर्ज दिला’च्या पुढे नकळत एक स्पेस टाकली होती, आणि ती ओळ दोन महिने झाले असते तरी रंगली नसती.

‘खात्री केली’ कधी लिहायचं, हेही आधी ठरवून ठेवा. आम्ही ठरवलं की नवा पत्ता डोळ्यांनी दिसल्याशिवाय लिहायचं नाही. बँकेसाठी नव्या पत्त्याचं स्टेटमेंट, आधारासाठी उतरवलेलं ई-आधार, मतदार यादीसाठी नव्या मतदारसंघाच्या यादीत आपलं नाव. आमची मतदार यादीची ओळ सप्टेंबरपर्यंत ‘अर्ज दिला’वरच होती. नाव दिसलं तेव्हाच बदलली, आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आम्ही पुण्यात केलं.

आता शीटच्या उणिवा. फोनच्या पडद्यावर पाच रकाने मावत नाहीत, शेरा वाचायला दर वेळी सरकवावं लागतं. शीट उघडल्याशिवाय आठवणही होत नाही. वही मात्र दूध काढायला गेलं तरी दिसते. आणि शीट घरात शेअर केलेलं असतं, म्हणून त्यात आधार क्रमांक, खाते क्रमांक पूर्ण लिहू नका, शेवटचे चार अंक पुरतात.

काही नोंदी तर अशा आहेत की दोन्हीकडे सारख्याच चुकतात, कारण त्या घर सोडण्याआधी करायच्या असतात. गावच बदलत असेल तर गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीला परत करून अनामत आणि व्हाउचर घ्यावं लागतं, शेगडी तेवढी बरोबर न्यायची. नव्या गावात त्या व्हाउचरवर जोडणी मिळते, पण अनामत आजच्या दराने भरावी लागते. गाडीच्या आरसीवरचा पत्ता 30 दिवसांत कळवायचा असतो, अर्ज फॉर्म 33 चा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते आणि ती मिळवण्यातच महिना जातो, म्हणून ती ओळ सामान बांधायच्या आधी लिहा. पासपोर्टवरचा पत्ता बदलायचा म्हणजे नवा पासपोर्टच काढावा लागतो. आमचे 2027 मध्ये संपतात, म्हणून आम्ही ती ओळ जाणूनबुजून ‘बाकी’ ठेवली आहे.

तुम्ही एकटे असाल, एकच बँक, एक विमा आणि गाडी नसेल, तर दहा ओळींसाठी शीट करू नका, वही पुरेल. फक्त खूण करण्याऐवजी ‘दिला’ आणि ‘दिसला’ असे दोन रकाने आखा आणि दोन्हींत तारीख लिहा. घरात दोन-तीन माणसांची खाती असतील, करारात एकाचंच नाव असेल, तर मी शीट घ्या म्हणेन. आमच्या यादीत शेवटी 34 ओळी झाल्या, एवढ्या वहीत सांभाळणं मला तरी जमलं नसतं.

पोचपावत्यांचं पाकीट मात्र अजूनही त्या जुन्या वहीलाच आहे, आणि ती वही पुण्यातही फ्रिजवर आहे. तिच्यात आई जे लिहिते, ते मी रविवारी शीटमध्ये घालतो. मागच्या रविवारी एक ओळ निघाली: नाशिकच्या दवाखान्यातल्या माझ्या केसपेपरवर अजून जुना फोन आणि पत्ता आहे. स्थिती, बाकी.