स्टुडंट प्लॅन ‘करून देणाऱ्या’ माणसाला फीची पावती पाठवू नका

माझी मुलगी इंदूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाण्यांच्या ॲपचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त प्लॅन चालू करून देतो असं सांगून एका माणसाने तिच्याकडून 698 रुपये उकळले. रक्कम ऐकून नातेवाईक म्हणाले, जाऊ दे, शिकली त्यातून. पण त्या माणसाला खरं तर पैशांपेक्षा तिची फीची पावती हवी होती. त्या पावतीचं त्याने पुढे काय केलं ते कळल्यावर मला गप्प बसवेना. तिच्या वर्गातल्या आणखी मुलामुलींनीही त्याला पावत्या पाठवल्या आहेत, म्हणून हे सगळं नीट सांगते.

आधी ही पडताळणी होते कशी ते बघा, कारण फसवणुकीची मेख तिथेच आहे. स्टुडंट प्लॅन साधारण निम्म्या दरात मिळतो, त्यामुळे समोरचा खरंच कॉलेजात शिकतो का हे तपासावं लागतं. गाण्यांच्या कंपन्या हे काम स्वतः करत नाहीत. स्पॉटिफाय आणि यूट्यूब ते SheerID या कंपनीकडून करून घेतात, ॲपल म्युझिक UNiDAYS कडून. विद्यार्थ्याने आपल्या खात्यात लॉगिन करून स्टुडंट प्लॅनचं पान उघडायचं. SheerID असेल तर तिथून तपासणीच्या फॉर्मवर नेलं जातं. त्यात नाव, कॉलेज, जन्मतारीख आणि ईमेल भरायचा. कॉलेजच्या नोंदींवरून किंवा कॉलेजच्या पोर्टलवर लॉगिन करून ओळख पटली तर काम तिथल्या तिथे होतं. नाही पटली तर कागद अपलोड करायला सांगतात आणि तो तपासून निकाल ईमेलवर कळवतात. याचे पैसे कुठेच लागत नाहीत. पैसे लागतात ते फक्त प्लॅनचे, आणि तेही थेट ॲपला.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अर्ज ज्या खात्यातून सुरू झाला, सवलत त्याच खात्याला मिळते.

इंदूरमधल्या कितीतरी मुलांचं घोडं अगदी सुरुवातीलाच अडतं. देवी अहिल्या विद्यापीठाशी जोडलेल्या लहान कॉलेजांत मुलांना कॉलेजचा ईमेल मिळेलच असं नाही. माझ्या मुलीला तर नाहीच मिळालेला. साहजिकच तिला कागद मागितला गेला आणि तिने गळ्यातल्या आयकार्डाचा फोटो टाकला. नामंजूर. तिला वाटलं फोटो पुसट आला असेल, म्हणून खिडकीशी उजेडात धरून पुन्हा काढला. तोही नामंजूर. मी नंतर ते कार्ड हातात घेऊन पाहिलं. पुढच्या बाजूला फोटो, नाव, कॉलेजचं नाव, रक्तगट आणि प्राचार्यांच्या सहीचा शिक्का आहे. चालू सत्राचं साल मात्र कुठेच नाही. अपलोड करायच्या कागदावर तीन गोष्टी दिसाव्या लागतात: पूर्ण नाव, कॉलेजचं नाव आणि चालू सत्रात मोडेल अशी तारीख. कार्डावर त्यातल्या दोनच होत्या. शिवाय कार्डावर आपल्या मराठी पद्धतीने आडनाव आधी आणि मध्ये वडिलांचं नाव आहे, फॉर्ममध्ये तिने फक्त नाव आणि आडनाव लिहिलं होतं. असं असेल तर तपासणाऱ्याला दोन्ही नावं एकाच मुलीची वाटतील याची खात्री नसते.

बिचारी हिरमुसली, आणि नेमका त्याच सुमारास वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला: ‘स्टुडंट प्लॅन एक्टिवेशन, सब ऐप, 10 मिनट, ओनली 199.’

तिने त्या नंबरवर विचारलं. समोरून अगदी गोड बोलणं. ‘दीदी, आपका कॉलेज लिस्ट में वीक है, इसलिए रिजेक्ट हो रहा है. हमारे पास डायरेक्ट पैनल है.’ असं कोणतंही पॅनल नसतं आणि कॉलेज ‘वीक’ वगैरे काही नसतं. तिचा कागद का नामंजूर झाला ते वर सांगितलंच आहे. पण दोनदा नकार मिळालेल्या मुलीला हे कारण पटलं. तिने 199 रुपये पाठवले. मग त्याने एमपी ऑनलाइनवरून भरलेल्या फीच्या पावतीची पीडीएफ, आयकार्डाच्या दोन्ही बाजू, जन्मतारीख आणि आधार मागितलं. हे सगळं देताना तिने एक प्रश्न विचारला: माझ्या खात्याचा पासवर्ड लागेल का? त्याचं उत्तर मी तिच्या फोनवर स्वतः वाचलंय: ‘नहीं दीदी, पासवर्ड किसी को मत देना, आजकल बहुत फ्रॉड चल रहा है.’

या एका वाक्याने तिचा पूर्ण विश्वास बसला. आता मघाची गोष्ट आठवा. सवलत मिळते ती अर्ज ज्या खात्यातून निघाला त्याला. तो तिच्या खात्यात शिरणार नव्हता आणि तिला स्वतः अर्ज सुरू करायलाही सांगत नव्हता. मग तिची पावती कोणत्या खात्यासाठी वापरली जाणार होती? तिच्या तर नक्कीच नाही. दुसऱ्याच्याच.

दहा मिनिटांनी त्याने सांगितलं की सर्व्हरने अर्ज ‘होल्ड’ केलाय, 499 रुपये सिक्युरिटी भरा, लगेच परत मिळतील. तिने भरले. मग परताव्याचा म्हणून एक क्यूआर कोड आला, तो स्कॅन करून पिन टाका म्हणे. तेव्हा ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. “आई, पैसे परत घ्यायला पिन कशाला मागतोय हा?” यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. मी तिच्या हातून फोन घेतला आणि त्याला तसं लिहिलं. पुढच्याच मिनिटाला त्याने नंबर ब्लॉक केला.

आम्हाला वाटलं, 698 रुपयांवर निभावलं. दोन दिवसांनी मी तिला शेजारी बसवून तिच्याच खात्यातून नवा अर्ज भरायला लावला. नाव पावतीवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. कॉलेज यादीतून निवडलं, पावतीची पीडीएफ जोडली. पावतीवर नाव, कॉलेज, सत्र आणि भरल्याची तारीख, सगळं होतं, त्यामुळे यावेळी अडायचं काही कारणच नव्हतं. उत्तर आलं की या विद्यार्थिनीच्या माहितीवर सवलत आधीच घेतली गेली आहे.

तिच्या नावावर कुणीतरी दुसराच स्टुडंट प्लॅन वापरत होता.

मदत विभागाशी पत्रव्यवहार झाला तेव्हा धंदा कसा चालतो ते ध्यानात आलं. या माणसाकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक माझ्या मुलीसारखी, जी खरोखर विद्यार्थी आहेत आणि ज्यांच्याकडे चांगला कागद आहे. दुसरी, जी विद्यार्थी नाहीत पण ज्यांना स्वस्त प्लॅन हवाय. भंवरकुआंच्या आसपास पीएससीची आणि बँकेची तयारी करणारी हजारो मुलं राहतात. ती दिवसभर अभ्यासच करतात, पण कोचिंग म्हणजे पदवी देणारं कॉलेज नव्हे, त्यामुळे त्यांना ही सवलत लागू नाही. असा कुणी आपल्या खात्यातून अर्ज सुरू करतो आणि फॉर्मची लिंक याला देतो. हा त्यात माझ्या मुलीचं नाव, जन्मतारीख, कॉलेज भरतो, ईमेल त्या गिऱ्हाइकाचा टाकतो आणि तिची पावती चढवतो. निकालाचा ईमेल तिकडे जातो, मुलीला पत्ताही लागत नाही. पहिल्या प्रकारच्या लोकांकडून पैसे आणि कागद, दुसऱ्यांकडून नुसते पैसे. आणि एका विद्यार्थ्याच्या माहितीवर सवलत पुन्हा पुन्हा मिळत नाही, म्हणून त्याला सतत ताज्या पावत्या लागतात. ‘ओनली 199’ हा दर तेवढ्यासाठी.

दुसऱ्या प्रकारचेही शेवटी फसतातच. सवलत सलग चालत नाही, दर 12 महिन्यांनी पडताळणी पुन्हा करावी लागते, आणि एकूण मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. त्यामुळे कुणी ‘लाइफटाइम स्टुडंट प्लॅन’ विकत असेल तर तो सरळ खोटं बोलतोय. वर्ष संपलं की नवी पावती कुठून आणणार? प्लॅन पूर्ण दरावर जातो आणि ऑटोपे चालू असेल तर तेवढे पैसे कापले जातात.

आम्ही 1930 वर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. दोन्ही व्यवहारांचे 12 आकडी यूपीआय क्रमांक, क्यूआर कोड आणि सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. एवढ्याशा रकमेसाठी कशाला, असं मलाही लोकांनी विचारलं. मला पैशांपेक्षा तारीख हवी होती. तिच्या आधारची आणि पावतीची प्रत अमुक दिवसापासून परक्या माणसाच्या हातात आहे, हे सरकारदरबारी लिहिलेलं असावं. उद्या त्या कागदांवर कुणी सिम घेतलं किंवा काही उद्योग केले तर दाखवायला काहीतरी हातात आहे. पैसे अजून आलेले नाहीत. प्लॅनचं मात्र काम झालं. तक्रारीची प्रत आणि पावती मदत विभागाला पाठवल्यावर त्यांनी तिची माहिती पुन्हा तपासली आणि सवलत तिच्या खात्याला दिली.

आधारबद्दल एक सांगायलाच हवं. आधारवरून कोण कुठल्या कॉलेजात शिकतं ते कळत नाही, मग विद्यार्थी असल्याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग काय? स्टुडंट प्लॅनसाठी कुणी आधार मागितलं की तिथेच थांबावं. पावतीवरही त्या तीन गोष्टी सोडून बाकीचं, मोबाइल नंबर, बँकेचे तपशील, झाकून पाठवता येतं. आम्ही तसंच झाकून पाठवलं होतं आणि काही अडलं नाही. पावती हाताशी नसेल तर मुलाचं व कॉलेजचं नाव आणि तारीख असलेलं प्रवेश घेतल्याचं पत्र, किंवा मुलाचं नाव छापलेलं चालू सत्राचं वेळापत्रकही चालतं.

त्या ग्रुपवरच्या नंबरला ज्यांनी पावती पाठवली असेल, त्यांनी आजच आपल्या स्वतःच्या खात्यातून अर्ज करून बघा. माहिती आधीच वापरली गेलीय असं उत्तर आलं तर ते पान बंद करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीला आणि मदत विभागाला पाठवायला तो लागतोच.