पी/ई मोजताना नफा मागच्या वर्षाचा धरावा की पुढच्या?

शेअरची किंमत 400 रुपये आणि वर्षाचा नफा शेअरमागे 16 रुपये असेल, तर आपण 25 वर्षांचा नफा आज मोजून देतोय. पी/ई म्हणजे किंमत भागिले शेअरमागचा नफा, आणि तो मी असाच वर्षांत वाचतो. प्रश्न उरतो तो कोणत्या वर्षाचा नफा धरायचा हा. मागच्या बारा महिन्यांचा, की ब्रोकरच्या अहवालातला पुढच्या वर्षाचा अंदाज?

पुढचा पी/ई तर्काला पटतो. आपण विकत घेतो ते येणारे नफेच, गेलेले नव्हेत. वरच्याच शेअरचा पुढच्या वर्षाचा अंदाज 25 रुपये होता, म्हणजे फक्त 16 वर्षं. मी याच आकड्यावर घेतला. दिवाळीपर्यंत अंदाज 21 वर आला आणि वर्षअखेर प्रत्यक्षात 17 रुपये कमावले गेले. भाव साधारण तिथेच होता, पण माझी 16 वर्षं साडेतेवीस झाली होती. दर तिमाहीला अंदाज थोडाथोडा खाली येई आणि प्रत्येक अहवालात त्याचं कारण पटण्यासारखं असे. मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच. शिवाय छोट्या कंपन्यांचे अंदाज अनेकदा कुणी काढतच नाही.

मागचा पी/ईसुद्धा फसवतो. समजा भाव 200, नफा 20, म्हणजे दहा वर्षं. स्वस्त वाटतं. पण त्यातले 12 रुपये कर जाऊन जमीन विक्रीतून आलेले असतील, तर धंद्याचा नफा 8 आणि वर्षं 25. तीच जमीन दरवर्षी थोडीच विकता येते! मात्र ही चूक ताळेबंदासोबतच्या कागदांत सापडते. नफा-तोटा पत्रकात ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ पाहा. तिथे नसेल तर ‘इतर उत्पन्न’ अचानक फुगलंय का ते बघा. रोख प्रवाह पत्रकात मालमत्ता विकून आलेले पैसे वेगळे दाखवलेले असतात. उपकंपन्या असतील तर नफा एकत्रित धरलाय ना, हेही तपासा. मार्च 2021 च्या अखेरीस एनएसईने निफ्टीच्या पी/ईसाठी एकत्रित नफा धरायला सुरुवात केली, तेव्हा तो सुमारे 40 वरून एकदम 33 च्या आसपास आला. भाव जवळपास तेच होते.

नफा वेगाने वाढणाऱ्या कंपनीला मागचा आकडा थोडा अन्याय करतो, हे मान्य. नफा दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढला तर 25 वर्षांची किंमत अकराव्या वर्षीच भरून निघते. तुमचा त्या धंद्याचा अभ्यास पक्का असेल, तर पुढचा पी/ई कदाचित तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. मी मात्र हल्ली मागच्या बारा महिन्यांचा नफा घेतो, एकदाचं उत्पन्न वजा करतो, आणि वाढीचा अंदाज बाजूला वेगळा लिहून ठेवतो.