दोन ११३ नंबर: ड्रॉपबॉक्सचा आठ महिन्यांचा अनुभव

माझं घर सुदामानगरात, वहिनींचं रामबागेत. फराळाच्या ऑर्डरी दोघी घेतो आणि एकाच एक्सेल फाइलीत लिहितो. ऑगस्टमध्ये ती ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये टाकली. २ जीबीचा फुकट प्लॅन आम्हाला पुरून उरतो, आणि वहिनींनी सेव्ह केलं की थोड्याच वेळात माझ्याकडे दिसतं.

खरी परीक्षा २६ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर झाली. माझ्याकडचं नेट दिवसभर बंद. मी ११२ ओळींखाली दोन ऑर्डरी लिहिल्या आणि ४७ नंबरच्या चकल्या २ किलोच्या ३ केल्या. तिकडे वहिनींनीही ११३ पासूनच तीन लिहिल्या. त्यांची फाइल आधी वर पोचली, म्हणून मूळ नाव तिलाच राहिलं. रात्री नेट आल्यावर माझी फाइल तिच्या शेजारी वेगळ्या नावाने येऊन बसली:

`faral (Ghar-PC's conflicted copy 2024-10-26).xlsx`

मी फाइल नेहमी एक्सेलच्या आधीच्या यादीतून उघडते, फोल्डरमध्ये डोकावतच नाही. सोमवारी ४७ वर परत २ किलो! म्हटलं, मी स्वप्नात लिहिलं की काय.

ऑफिसात दुसऱ्याने फाइल उघडली असली की एक्सेल सांगतं ना, तसं इथे का नाही सांगितलं? एक्सेल त्यासाठी `~$` ने सुरू होणारी छोटी फाइल बनवतं, आणि ड्रॉपबॉक्स ती पाठवतच नाही. त्यामुळे नेट असतानाही दोघींनी एकदम उघडून बदलली तर हाच घोळ.

जुळवणी अशी केली. वहिनींना फोन करून फाइल बंद ठेवायला सांगितली. माझी प्रत त्यांच्या फाइलीत `Sheet2` म्हणून आणली आणि तिसऱ्या कोऱ्या शीटवर हे `A1` मध्ये लिहून उजवीकडे सगळ्या रकान्यांवर आणि खाली ११२ ओळींपर्यंत ओढलं:

```
=IF(Sheet1!A1=Sheet2!A1,"",Sheet1!A1&" | "&Sheet2!A1)
```

सगळं कोरं, फक्त ४७ वर `2 | 3`. (मधेच कोणी ओळ घातली असती तर खालचं सगळंच वेगळं दिसलं असतं.) पण बदलला कोणी? मी ३ केले, की वहिनींनी ३ चे २? माझं मला आठवत होतं, पण दिवाळीच्या गर्दीत आठवणीवर कोण विसंबणार! वेबवर फाइलीच्या `Version history` मध्ये शुक्रवारची आवृत्ती उघडली. तिथे २ होते, म्हणजे बदल माझा, ३ ठेवले. दोघींनी तोच आकडा बदलला असता तर गिऱ्हाइकालाच विचारावं लागलं असतं. माझ्या दोन नव्या ऑर्डरी ११६, ११७ झाल्या. फुकट प्लॅनमध्ये जुन्या आवृत्त्या ३० दिवसच मिळतात, महिन्यानंतर कळलं असतं तर ही वाट बंद.

आता दोघींच्या फाइली वेगळ्या, फोल्डर तेच. नंबर वहिनींचे ‘व-१’ पासून, माझे ‘स-१’ पासून. रोज रात्री फोल्डरमध्ये `conflicted` शोधते. मार्चमध्ये एकदा सापडली, तीही घरखर्चाची, आमच्या ह्यांनी उघडी ठेवलेली.