दोन टप्प्यांचा ट्रिगर: मॅच एअर पिस्तुलाचा आठेक महिन्यांचा अनुभव

क्लबमधल्या एका सीनियर नेमबाजाकडून युरोपियन बनावटीचं मॅच एअर पिस्तूल घेतलं, त्याला आता आठेक महिने झाले. नळी, ग्रिप, सिलिंडर यांबद्दल सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते फक्त ट्रिगरबद्दल, कारण या काळात माझा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर छर्ऱ्यांच्या खुणांचा पडणारा पुंजका, बदलला तो ट्रिगरमुळेच. स्टायर, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, मोरिनी यांपैकी कुठलंही मॅच पिस्तूल घ्या, पुढची समायोजनं थोड्याफार फरकाने सगळ्यांत मिळतात, त्यामुळे मॉडेलचं नाव फारसं महत्त्वाचं नाही.

१० मीटर एअर पिस्तुलात ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. मॅचआधी नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि ते पिस्तुलाने उचलावं लागतं. माझं पिस्तूल हाती आलं तेव्हा ते ५२० ग्रॅमला सुटत होतं, म्हणजे तपासणीत बिनधास्त पास. पण नियम फक्त बेरीज बघतो. ही बेरीज दोन टप्प्यांत कशी वाटलेली आहे, ते कोणी विचारत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

पहिला टप्पा म्हणजे टेक-अप. बोट ट्रिगरवर ठेवल्यावर तो स्प्रिंगच्या दाबाविरुद्ध सहज मागे येतो आणि एका ठिकाणी थांबतो. आमच्याकडे त्या थांब्याला ‘वॉल’ म्हणतात. वॉलनंतर जेवढा दाब वाढवावा लागतो तो दुसरा टप्पा, आणि सिअर, म्हणजे शॉट अडवून धरणारा आतला खटका, सुटतो तो क्षण म्हणजे ब्रेक. माझ्या पिस्तुलात पहिल्या टप्प्याला साधारण २५० ग्रॅम लागत होते आणि वॉलनंतर आणखी २७०. म्हणजे निम्म्याहून जास्त काम शेवटच्या क्षणासाठी शिल्लक राहत होतं, नेमकं साइट स्थिर झालेली असताना.

याचा परिणाम टार्गेटवर सरळ दिसायचा. मी उजव्या हाताने मारतो आणि माझा ग्रुप डावीकडे-खाली, घड्याळाच्या साताच्या दिशेला ओढलेला असायचा. रिअर साइट फिरवून ग्रुप मध्यभागी आणता येतो, पण त्याचा लांबुळका आकार तसाच राहतो. दोष साइटचा की ट्रिगरचा, हे ओळखायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पांढऱ्या भिंतीवर ड्राय फायर, छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबणं. समोर टार्गेट नसलं की नजर फक्त फ्रंट साइटवर राहते, आणि ब्रेकच्या क्षणी तिचं टोक हललेलं स्पष्ट दिसतं. माझ्या बाबतीत ते डावीकडे-खाली झुकत होतं. २७० ग्रॅम एकदम वाढवताना तर्जनीसोबत बाकीची तीन बोटंही ग्रिप आवळत होती.

हे हलणं किती महागात पडतं ते बघा. माझ्या पिस्तुलाच्या दोन साइट्समध्ये सुमारे ३२० मिलिमीटर अंतर आहे आणि टार्गेट १० मीटरवर. म्हणजे फ्रंट साइट रिअर साइटच्या तुलनेत १ मिलिमीटर सरकली, तर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर सरकतो. टार्गेटवर एक रिंग ८ मिलिमीटरची असते. फ्रंट साइटचं पाव मिलिमीटर म्हणजे एक अख्खी रिंग. ट्रिगर दाबताना मनगट तेवढं हललं की मारणाऱ्याला ते जाणवतही नाही.

कोचच्या देखरेखीत वजनाची वाटणी बदलली: पहिल्या टप्प्याला ३८० च्या आसपास, दुसऱ्याला १४०. बेरीज पुन्हा ५२०. वीस ग्रॅम वर ठेवणं मला आवश्यक वाटतं, कारण वजन ट्रिगर ब्लेडवर किंचित वर-खाली लटकलं तरी आकडा बदलतो. आता पिस्तूल टार्गेटवर उतरत असतानाच बोट वॉलवर पोचलेलं असतं, बहुतेक दाब तेव्हाच दिलेला असतो, आणि शेवटी थोडाच वाढवायचा उरतो. दुसरा टप्पा यापेक्षाही हलका करून पाहिला. ८० ग्रॅमच्या आसपास आलो तशी वॉल बोटाला ओळखू येईना आणि होल्ड बसायच्या, म्हणजे नेम धरलेला हात स्थिर व्हायच्या, आधीच शॉट जाऊ लागले. थंडीत सकाळी बालेवाडीला बोटं बधिर असताना तर ती वॉल मुळीच सापडत नव्हती. १४० वरच परत आलो.

आता क्रीप. वॉल लागल्यावर ब्रेक होईपर्यंत ट्रिगर जराही सरकल्यासारखा वाटला, तर ते क्रीप. कारण बहुधा सिअरची पकड गरजेपेक्षा खोल असणं, कधी घासणारे पृष्ठभाग झिजलेले किंवा घाण बसलेले असणं. वजनापेक्षा क्रीप मला जास्त त्रासदायक वाटलं. बोटाला हालचाल जाणवली की मेंदू ‘आता सुटणार’ म्हणतो. शॉट सुटत नाही, दाब थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि त्या थांबण्यात होल्डची चांगली दोन-तीन सेकंदं निघून जातात. ओळखायची खूण अशी: डोळे मिटून ड्राय फायर करा आणि वॉलनंतर दाब अगदी सावकाश वाढवा. घड्या पडल्यासारखं टप्प्याटप्प्याने सरकत असेल तर ते क्रीप आहे.

काही जण मुद्दाम वॉल न ठेवता एकसारखा, गुळगुळीत सरकणारा ‘रोल’ ट्रिगर लावतात आणि तो त्यांना मानवतो. तिथे हालचाल अखंड असते. अडकत-सुटत जाणं हा दोष आहे, सरकणं नव्हे.

सिअरचा स्क्रू फिरवताना मात्र घाई नको. पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवायचं आणि प्रत्येक वेळी नळी रिकामी असल्याची खात्री करून तपासायचं. पकड फार कमी झाली की पिस्तूल पहिल्या टप्प्यातच कधीतरी सुटतं, किंवा कॉकिंग लिव्हर बंद करतानाच. असं एकदा जरी झालं तरी स्क्रू मागे घ्या. ट्रिगर स्टॉपचंही तसंच. ब्रेकनंतर बोट फार मागे धावू नये म्हणून तो असतो, पण जास्त घट्ट लावला तर ट्रिगर सुटण्याआधीच त्याला टेकतो आणि वजन दर शॉटला वेगळं लागतं.

रीसेट, म्हणजे शॉटनंतर ट्रिगर पुढे सोडून पुन्हा तयार करणं, याबद्दल एअर पिस्तूल काहीच शिकवत नाही. दर शॉटला कॉक करावं लागतं, ट्रिगर तेव्हाच पुन्हा तयार होतो. म्हणून शॉटनंतर बोट मागेच दाबून धरायची सवय लागते, आणि इथे ती चांगलीही आहे, कारण छर्रा नळीतून निघेपर्यंत पिस्तूल स्थिर राहतं. मग क्लबच्या पॉइंट टू-टू पिस्तुलावर २५ मीटर स्टँडर्ड पिस्तूल सुरू केलं. त्यात शेवटच्या सिरीज १० सेकंदांत पाच शॉटच्या असतात. स्लाइड मागे जाऊन येते, पण ट्रिगर ठरावीक अंतर पुढे सोडल्याशिवाय सिअर पुन्हा जोडला जात नाही. कमी सोडला तर पुढचा शॉट जातच नाही. बोट पूर्ण उचललं तर ते ब्लेडवर वेगळ्या जागी बसतं आणि ग्रुप आडवा पसरतो. बोट ब्लेडला टेकलेलंच ठेवून, धक्क्यानंतर पिस्तूल खाली येत असतानाच क्लिक जाणवेपर्यंत पुढे सोडायचं आणि त्याच ओघात टेक-अप घ्यायचा. तिथला ट्रिगर १००० ग्रॅमचा असल्याने टेक-अपमध्ये बरंचसं वजन आधीच घेतलेलं असणं आणखी उपयोगी पडतं.

वापरलेलं पिस्तूल घेणार असाल तर गेजवर एकूण वजन बघून थांबू नका. ट्रिगर हळूहळू ओढत वॉलला कितीचं वजन लागतं ते वेगळं मोजा, मग ब्रेकचं, आणि हे सलग दहा वेळा करा. ब्रेकचा आकडा पंधरा-वीस ग्रॅमपेक्षा जास्त इकडेतिकडे होत असेल, तर पैसे देण्याआधी जाणकार गनस्मिथकडून सिअर उघडून बघून घ्या.