१६ सेलच्या एलएफपी पॅकवरचा स्मार्ट बीएमएस: एसओसीचा आकडा चालतो, एसओएचचा स्वतः काढावा लागतो

हा अनुभव १०० अँपिअर-तासांच्या, ५१.२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजेच एलएफपी पॅकचा आहे. त्यावर ब्लूटूथवाला बीएमएस, म्हणजे सेलवर देखरेख ठेवणारं सर्किट, आहे. अॅपमध्ये एसओसी आणि एसओएच असे दोन टक्के शेजारी-शेजारी दिसतात आणि दोन्ही सारखेच मोजलेले असावेत असं वाटतं. तसं नाही. एसओसी म्हणजे आज पॅकमध्ये जेवढं मावतं त्यातलं किती शिल्लक आहे, आणि एसओएच म्हणजे नवीन असताना जेवढं मावत होतं त्यातलं आज किती मावतं.

एसओसीसाठी बीएमएस शंटमधून, म्हणजे करंट मोजण्यासाठी बसवलेल्या छोट्या रोधकातून, जाणारा करंट सतत मोजतो आणि त्याची बेरीज-वजाबाकी करत राहतो. व्होल्टेजवरून का ठरवत नाही? कारण एलएफपीमध्ये साधारण २० ते ९० टक्क्यांच्या पट्ट्यात सेलचं स्थिर व्होल्टेज जेमतेम ३.२ ते ३.३३ च्या आसपास घुटमळतं. त्यात चार्जिंगनंतरचं आणि डिस्चार्जनंतरचं व्होल्टेजही त्याच पातळीला किंचित वेगळं असतं. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या लिथियम सेलचा, व्होल्टेजचा आलेख बऱ्यापैकी उतरता असतो, तिथे व्होल्टेज पाहून दुरुस्ती करता येते. इथे ती संधी फक्त दोन टोकांना मिळते.

त्यामुळे मधल्या काळात मोजणीतली चूक साचत जाते. बऱ्याच बीएमएसना अगदी लहान करंट दिसतच नाही, अॅपवर ०.० येतं. समजा, राउटर डीसी कन्व्हर्टरवरून थेट पॅकवर चालतोय आणि १० वॉट घेतोय. म्हणजे सुमारे ०.१९ अँपिअर, दिवसाला साडेचार अँपिअर-तास. आठवडाभर पॅक पूर्ण चार्ज झाला नाही, तर अॅपमधला आकडा तीसेक टक्क्यांनी फुगलेला असतो. मग ३५ टक्के दिसत असताना अचानक अंधार होतो आणि लोक बॅटरी खराब झाली म्हणतात. बिघाड बॅटरीत नसतो, हिशेबात असतो. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा ५६ व्होल्टपर्यंत चार्ज करून करंट ५ अँपिअरच्या खाली येईपर्यंत तिथेच धरायचं. मात्र अॅपमधलं 'पूर्ण चार्ज' समजण्याचं व्होल्टेज चार्जरच्या व्होल्टेजपेक्षा थोडं खाली हवं, नाहीतर आकडा १०० वर रीसेट होणारच नाही.

एसओएचची गोष्ट निराळी. पुष्कळ स्वस्त बीएमएस तो मोजत नाहीत, चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांच्या संख्येवरून ठरावीक दराने वजा करत जातात. काही मॉडेल पॅक १०० पासून थेट कटऑफपर्यंत एका दमात गेला तरच क्षमता नव्याने शिकतात, आणि रोजच्या वापरात तसं क्वचितच घडतं. म्हणून चाचणी आपणच करावी. पॅक वरीलप्रमाणे पूर्ण भरा, तासभर शांत ठेवा, मग २० अँपिअरच्या आसपासचा स्थिर लोड लावून पहिला सेल २.८ व्होल्टला पोचेपर्यंत उतरवा. सेलचं तापमान २५ अंशांच्या जवळ हवं, थंडीत आकडा कमीच येणार. ९२ अँपिअर-तास निघाले तर एसओएच ९२ टक्के.

आता बीएमएसला अजून १०० च वाटत असेल, तर ७० अँपिअर-तास वापरल्यावर तो ३० टक्के दाखवेल. खरे शिल्लक २२, म्हणजे ९२ पैकी २४ टक्के. आणि ८ टक्के दिसत असताना पॅक बंद पडेल. दर वेळी पूर्ण भरल्यानंतरही त्याच आकड्याच्या आसपास बंद पडत असेल तर क्षमता घटलीय, वेगवेगळ्या आकड्यांवर पडत असेल तर मोजणी भरकटलीय.

चाचणीआधी शंट तपासणं मात्र टाळू नका. डीसी क्लॅम्प मीटरवर २० आणि अॅपवर १९.४ दिसत असेल, तर शंट ३ टक्के कमी वाचतोय. एसओसीला याने फारसा धक्का लागत नाही, कारण चार्ज आणि डिस्चार्ज दोन्हीकडे तीच चूक होते. पण तुमचे ९२ प्रत्यक्षात जवळपास ९५ असतात! शून्याची चूक, म्हणजे वर पाहिलेला लहान करंट ०.० दिसणं, याच्या उलट: ती चाचणीत नगण्य, पण एसओसीला रोज कुरतडते.

शेवटी, ९२ हा आकडा सगळ्या सेलचा असेलच असं नाही. उतरताना सर्वांत आधी २.८ ला पोचलेल्या सेलचा नंबर लिहून ठेवा आणि चार्जिंगच्या वेळी तो कुठे आहे ते पाहा. वरच्या टोकालाही तोच सगळ्यांच्या पुढे पळत असेल तर त्या सेलचीच क्षमता कमी झालीय. वर तोच सगळ्यात मागे राहत असेल तर ते असंतुलन आहे. अशा वेळी सगळे सेल एका पातळीवर आणणारा बॅलन्सर चालू ठेवून पॅक काही तास वरच्या व्होल्टेजला धरा, मग चाचणी पुन्हा घ्या. हरवलेले अँपिअर-तास बरेचदा तिथेच सापडतात.