ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा की राखीव ऑफ तास?

शिक्षकांच्या थकव्यासाठी शाळेला यंदा एकच गोष्ट करता येणार असेल, तर बहुधा हे दोनच पर्याय समोर येतात: ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा, किंवा शिक्षकाचे काही ऑफ, म्हणजे शिकवणं नसलेले तास त्याच्यासाठीच राखून ठेवणं. कार्यशाळा अगदीच टाकाऊ नाही. वक्ता चांगला असेल तर लोक मोकळेपणाने बोलतात, आणि एखाद्याला समुपदेशकाकडे जाण्याचा धीर येतो. पण ती बहुतेक वेळा शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवतात, आणि तपासायच्या वह्या तोवर तशाच पडून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही बर्नआउट हा आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलेला आहे. मग इलाज फक्त शिक्षकाच्या श्वासोच्छ्वासात का शोधायचा?

माझं मत फिरवलं ते घंटेच्या पाच मिनिटं आधी हातात पडणाऱ्या प्रॉक्सीच्या, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास घ्यायला सांगणाऱ्या चिठ्ठीने. चाळीस वह्या, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं: चाळीस मिनिटांचे बरोबर दोन तास. चिठ्ठी आली की त्यातला एक जातो आणि गठ्ठा घरी येतो. कामापेक्षा जास्त खुपतं ते हे, की आपला वेळ आपल्या हातात नाही. शिवाय चिठ्ठी ठरावीक माणसांकडेच जाते, म्हणजे जे नाही म्हणत नाहीत त्यांच्याकडे.

आता हिशेब बघा. तीस शिक्षक, सहा दिवसांच्या आठवड्याचे ४८ तास, प्रत्येकाला ३६ तास शिकवणं आणि १२ ऑफ. रोज सरासरी दोघं गैरहजर धरले तर दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ प्रॉक्सी तास निघतात. हजर २८ जणांत ते वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीनाहून कमी येतात. म्हणजे आठवड्याला तीनची मर्यादा घालता येते. प्रत्येकाचे चार ऑफ तास, दोन-दोन सलग, वेळापत्रकातच राखीव म्हणून छापायचे. प्रॉक्सी उरलेल्या आठांतूनच आणि प्रॉक्सीच्या वहीतल्या क्रमाने द्यायची.

हे मोडतं ते पाच जण एकदम गैरहजर असलेल्या दिवशी. तेव्हा राखीव तासाला हात लावण्याऐवजी दोन वर्ग सभागृहात किंवा ग्रंथालयात एकत्र बसवावेत. त्या तासाला शिकवणं होत नाही, हे पालकांना सरळ सांगावं लागतं. आणि एकदा 'आजच्या दिवस' म्हणून राखीव तास घेतला, की महिन्याभरात ती सवय होते.

पदंच रिकामी असतील तर मात्र हा उपाय तोकडा पडतो, कारण मुळात ऑफ तासच उरत नाहीत. घरच्या दुःखातून सावरणाऱ्या शिक्षकालाही वेळापत्रकापेक्षा खासगी समुपदेशन लागेल. बाकीच्या शाळांनी, मला वाटतं, वक्ता ठरवण्याआधी गेल्या चार आठवड्यांची प्रॉक्सीची वही उघडावी आणि प्रत्येक नावापुढचे तास मोजावेत. कुणापुढे चार, कुणापुढे वीस असं दिसलं, तर कार्यशाळा पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल.