एक ओजाइव्ह काढावा की दोन?

इंदूरला माझ्याकडे अकरावीची मुलं येतात. संचित वारंवारतेचा तक्ता बहुतेकदा मोबाइलवरच्या फोटोत असतो, पान वाकलेलं आणि कडेला सावली पडलेली. त्यावरून मध्यक आणि चतुर्थकं काढायची, तर संचित वारंवारतेचा वक्र, म्हणजे ओजाइव्ह, फक्त 'पेक्षा कमी'चा काढावा की 'पेक्षा जास्त'चाही काढून छेदबिंदू बघावा? दोन्ही करून पाहिलं. पुस्तकाला दोन्ही मान्य आहेत.

परवाचा तक्ता घ्या. विद्यार्थी 60. दहापेक्षा कमी गुण 4 जणांना, वीसपेक्षा कमी 12, तीसपेक्षा कमी 28, चाळीसपेक्षा कमी 50 आणि पन्नासपेक्षा कमी 60. एकाच वक्रावर 60 च्या पाव, निम्म्या आणि पाऊण, म्हणजे 15, 30 आणि 45 या उंचीवर आडव्या रेषा मारायच्या, जिथे वक्राला लागतील तिथून खाली उतरायचं. ठिपके सरळ रेषांनी जोडले असतील तर साधारण 22, 31 आणि 38 येतात. संपलं.

दोन वक्रांत मध्यक झटकन मिळतो, हे खरं. खाली 31 च्या जवळच येतो. पण चतुर्थकांसाठी आडवी रेषा मारावीच लागते, आणि माझं डोकं तिथेच फिरतं. 15 च्या उंचीवरची रेषा दोन्ही वक्रांना कापते, 'कमी'च्या वक्राला 22 वर आणि 'जास्त'च्या वक्राला 38 वर. मुलं हमखास भलत्याच बिंदूवरून खाली उतरतात आणि पहिलं चतुर्थक 38 लिहून मोकळी होतात. मध्यक बरोबर आलेला असतो, म्हणून शंकाही येत नाही. मध्यक 31 आणि पहिलं चतुर्थक 38, हे कसं, असं विचारलं की मग पेन्सिल थांबते. (जाणत्याला मात्र त्या एका रेषेत दोन्ही चतुर्थकं मिळतात, हेही कबूल.)

दुसऱ्या वक्राचा एक उपयोग मात्र मोठा आहे. फोटोत 28 चा 23 वाचला गेला, तरी आकडे चढतेच राहतात, त्यामुळे एकट्या वक्रावर काही खटकत नाही आणि मध्यक गुपचूप 32.6 वर सरकतो. 'जास्त'चा रकाना फोटोतूनच वेगळा वाचला असेल, तर छेदबिंदू 30 ऐवजी 28 च्या उंचीवर पडतो आणि चूक लगेच कळते. पण तो रकाना 60 मधून वजा करून स्वतःच तयार केला असेल, तर चूकही त्यात तशीच उतरते आणि छेद बरोबर 30 वरच होतो. आमच्याकडे येणाऱ्या फोटोंत बहुधा एकच रकाना असतो.

म्हणून माझं मत एका वक्राकडे झुकतं. दोन्ही रकाने छापलेले असतील, तर समोरासमोरचे आकडे मिळवून पाहतो. 28 आणि 32 मिळून 60 झाले पाहिजेत. त्यासाठी दुसरा वक्र काढायचीही गरज पडत नाही.